नळ कितीला पडला

दशांशरावांना कुणी वस्तूची किंमत सांगितली की त्यांचा प्रश्न ठरलेला असे. "ही झाली दुकानातली किंमत. घरात येईपर्यंत कितीला पडली?" एकदा त्यांच्या बायकोने लांबच्या बाजारातून एक लाकडी कपाट स्वस्तात आणलं आणि कौतुकाने त्यांना दाखवलं. त्यांनी गाडीभाडं मिळवलं, दोन हमालांचे पैसे मिळवले, जिन्यात घासून गेलेला रंग पुन्हा द्यायचा खर्च मिळवला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं कपाट याहून स्वस्त पडलं असतं हे कागदावर सिद्ध करून दिलं. कागद त्या माउलीपुढे ठेवून ते जेवायला बसले. त्या दिवसापासून तिने घरात काहीही नवीन आणलं तरी ते शेजारणीने दिलंय असं सांगायला सुरुवात केली. शेजारीण फार दानशूर आहे असं दशांशरावांना बरीच वर्षं वाटत होतं.

एवढा हुशार माणूस. पण हुशारीला आपल्याच दारातला खड्डा दिसत नाही, तो असा.

नोकरी एका आयात करणाऱ्या पेढीत, एकतीस वर्षं. खाली दुकान, मागे गोदाम, आणि दोन्हींच्या डोक्यावर लाकडी पोटमाळ्यासारखी एक खोली. तिथे एक टेबल, एक पंखा आणि दशांशराव. परदेशातून माल आला की तो नगामागे कितीला पडला हे काढणं हे त्यांचं काम. परक्या कारखान्याचं बिल आपल्या चलनात आणायचं. त्यावर जहाजाचं भाडं, विमा, कस्टमची ड्यूटी, बंदरावरची उचल-ठेव, क्लिअरिंग एजंटची फी, ट्रक, हमाली, हे सगळं चढवायचं. जो कर पुढे परत मिळतो तो मात्र धरायचा नाही. आणि कागदपत्रांच्या घोळात कंटेनर बंदरावर जास्त दिवस पडून राहिला, तर त्याचा दंडही मालावर घालायचा नाही. "तो मालाचा खर्च नव्हे, आपल्या आळसाचा," असं म्हणून ते तो वेगळ्या पानावर टाकत. मग सगळं नगांवर वाटून जो आकडा निघे तो चार दशांशापर्यंत लिहीत. म्हणून हे नाव. ठेवलं होतं नळभाऊंनी.

नळभाऊ म्हणजे खालच्या दुकानातला नळांचा विभाग. विभाग म्हणजे एक काउंटर, मागे खणांची भिंत आणि पुढे नळभाऊ. पेढीत दोघे एकाच वर्षी लागले. दुपारी डबा एकत्र, गोदामाच्या पायरीवर. नळभाऊंचं तोंड म्हणजे गळका नळ, बंद म्हणून व्हायचं नाही. गिऱ्हाईक वॉशर घ्यायला यायचं आणि अख्ख्या न्हाणीघराचे नळ घेऊन जायचं. घासाघीस करताना ते असे काही रंगात यायचे की गिऱ्हाईक हरूनही हसत बाहेर पडे. दशांशरावांना ते सारखं चिडवत, "अरे, तुझा जन्म झाला तेव्हा सुइणीने वजन किती सांगितलं? चार दशांशापर्यंत सांगितलं का?" दशांशराव हसत नसत. पण डबा खाली घेऊन जायला एक मिनिटही उशीर करत नसत.

पेढी मूळची नळांचीच. नळ, तोट्या, जोड, वॉशर. सगळा माल लहान, जड आणि एकमेकांसारखा. दशांशरावांनी पहिल्याच वर्षी नियम बसवला होता: भाडं आणि बाकीचा खर्च मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटायचा. महाग मालावर जास्त, स्वस्तावर कमी. सगळाच माल एका जातीचा, तेव्हा हा नियम चालून गेला. पंचवीस-सव्वीस वर्षं चालला. चालणाऱ्या गोष्टीला हात लावू नये असं दशांशरावांचं मत होतं, आणि स्वतःच्या गोष्टीला तर नाहीच नाही.

मग मालकीणबाईंनी, वडिलांच्या मागे पेढी हातात घेतल्यावर, हात धुवायची चिनी मातीची बेसिनं मागवायला सुरुवात केली. दिसायला देखणी, आतून सगळी हवा. एका खोक्यात एकच, चारी बाजूंनी पुठ्ठा आणि थर्माकोल. एकाच कंटेनरात पाचशे बेसिनं आणि हजार नळ यायला लागले. दशांशरावांनी नियम तोच ठेवला. चार वर्षं ठेवला.

आणि त्या नियमाने सांगितलं, की नळ तोट्यात आहेत.

आकडे असे होते. नळ परदेशात सहाशेला. ड्यूटी नगामागे अठ्ठ्याहत्तर. भाडं, विमा, बंदर, हमाली मिळून दोनशे सेहेचाळीस. एक नळ पडला नऊशे चोवीसला. नळभाऊ तो नऊशेला विकत होते, कारण समोरच्या दुकानात तसाच नळ नऊशेला होता. नगामागे चोवीसचं नुकसान. बेसिन आठशेचं. ड्यूटी एकशे चार, बाकी खर्च तीनशे अठ्ठावीस, पडलं बाराशे बत्तीसला, विकलं जात होतं साडेचौदाशेला. बेसिन सोनं, नळ माती.

नळभाऊंच्या कानावर हे गेलं त्या दिवशी गोदामात कंटेनर रिकामा होत होता. हमाल बेसिनांची खोकी उतरवून उतरवून घामाघूम झाले होते, खोक्यांची रास छताला टेकली होती. नळांची खोकी दाराजवळच्या एका कोपऱ्यात आटोपली होती. दशांशराव यादी घेऊन उभे होते. नळभाऊ काउंटर सोडून तरातरा मागे आले.

"दशांश, हे बघ. डोळ्यांनी बघ. तो डोंगर तुझ्या बेसिनांचा. हे माझं बिऱ्हाड. जहाजवाल्याने भाडं कशाचं घेतलं? जागेचं ना? मग हा एवढासा कोपरा अडवणाऱ्या नळांनी त्या डोंगराचं भाडं का भरायचं?"

"भाडं किमतीच्या प्रमाणात वाटलंय," दशांशराव यादीवरून मान वर न काढता म्हणाले. "नळांची किंमत एकूण मालाच्या साठ टक्के. म्हणून खर्चातला साठ टक्के वाटा नळांचा. कस्टमवालेसुद्धा ड्यूटी लावताना भाडं किमतीच्या प्रमाणातच मिळवतात."

"कस्टमवाल्याला काय, त्याला ड्यूटी मिळाली की झालं! त्याला कुठे माझा काउंटर चालवायचाय? मी बसमध्ये बसलो आणि शेजारी एक हत्ती बसला, तर हत्तीचं तिकीट मी काढायचं का? का, तर माझा सदरा महाग म्हणून?"

हमाल हसले. गोदामवाला हसला. दशांशरावांना ते हसणं झोंबलं. एकतीस वर्षांत त्यांच्या कागदावर कुणी हसलं नव्हतं. त्यांनी यादी बंद केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. विकता येत नाही म्हणून भाड्याला दोष देऊ नकोस. बेरीज जुळते का बघ. पंधरा लाख चाळीस हजार. एक पैसा इकडे नाही, एक पैसा तिकडे नाही."

बेरीज जुळत होती, हे खरं. हीच तर सगळी गोम. वाटणी कशीही करा, बेरीज जुळतेच. दोघा भावांत घर वाटताना एकाला न्हाणीघर आणि दुसऱ्याला बाकीचं सगळं दिलं तरी घराचं क्षेत्रफळ तेवढंच भरतं. पण हे दशांशरावांना कुणी सांगावं, आणि सांगितलं तर त्यांनी ऐकावं कशाला? नळभाऊंनी सांगितलंच होतं. ते तसेच काउंटरवर परत गेले. नळभाऊ उत्तर न देता गेले असं पहिल्यांदाच झालं.

आठवड्याने मालकीणबाईंनी दशांशरावांना बोलावलं. समोर तोच कागद होता.

"नळ बंद करावेत म्हणते. जागा सगळी बेसिनांना देऊ. पण नळभाऊ बाबांच्या वेळचे आहेत, म्हणून विचारते. हा आकडा पक्का आहे?"

इथे जरा थांबायला हवं. त्या क्षणी दशांशरावांच्या डोळ्यांपुढे गोदामाचा तो कोपरा आलाच नाही असं नाही. आला. दाराजवळची थोडीशी खोकी आणि छताला टेकलेला डोंगर. पण त्याच्यामागे हमालांचं हसणंही आलं.

"चार दशांशापर्यंत पक्का," ते म्हणाले.

नळभाऊंना चौपन्नाव्या वर्षी घरी पाठवलं. रीतसर, देणं-घेणं चुकतं करून, हारतुरे न करता. बाई म्हणाल्या, तुमचा दोष नाही भाऊ, विभागच तोट्यात. नळभाऊंनी खणांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, मग जिना चढून वर आले. या जिन्याला ते नावं ठेवत आणि कधी चढत नसत, गुडघ्यांमुळे.

"एकदा शेवटचं विचारतो. आकडा पक्का ना रे?"

"पक्का."

"मग ठीक आहे," नळभाऊ म्हणाले. "मग माझंच कुठेतरी चुकलं असणार."

खाली बघून दशांशरावांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. दुपारी डबा उघडून ते पायरीवर एकटेच बसले आणि दुसऱ्या दिवसापासून वरच खायला लागले. वर ऊन येत नाही, असं त्यांनी गोदामवाल्याला सांगितलं. खरं तर वरच्या खोलीत दिवसभर ऊन असे.

सात महिने गेले. मागवलेले नळ संपले. नळांच्या कारखान्याने आपला माल समोरच्या दुकानाला द्यायला सुरुवात केली. आणि मग पहिला निव्वळ बेसिनांचा कंटेनर आला.

दशांशरावांनी नेहमीसारखा कागद आखला. बेसिन आठशेचं, पूर्वीचाच भाव. जहाजाचं भाडं दोन लाख नव्वद हजार, पूर्वीचंच. बंदर, एजंट, ट्रक, हमाली एक लाख दहा हजार, तेही पूर्वीचंच. विमा नगामागे आठ, तोही पूर्वीचाच. या वेळी वाटायला एकच माल, त्यामुळे प्रमाण वगैरे काढायची भानगड नाही. सरळ भागाकार. उत्तर आलं: एका बेसिनला सोळाशे एकसष्ट पूर्णांक सात सात तीन शून्य.

ते हसले. बेरजेत शून्य जास्त पडलं असणार. पुन्हा केलं. सोळाशे एकसष्ट. एजंटला फोन लावला, की दर वाढवलेत का? "नाही हो काका, उलट तुम्हाला जुनाच दर लावतोय, कुणाला सांगू नका." जहाज कंपनीचं बिल जुन्या बिलावर ठेवून उजेडात धरलं. अक्षर न अक्षर तेच. ड्यूटी थोडी वाढली होती, नगामागे एकशे चारची एकशे तेहेतीस झाली होती. एकोणतीस तिथे गेले. पण वाढ चारशे तीसची होती. बाराशे बत्तीसचं बेसिन सोळाशे एकसष्टचं झालं आणि कुठलाही दर हलला नव्हता.

मग त्यांची नजर नगांच्या आकड्यावर गेली. पाचशे पंचावन्न. पूर्वी यायची पाचशे. म्हणजे हजारच्या हजार नळ काढले, तर त्यांच्या जागी मावली किती बेसिनं? पंचावन्न.

त्यांनी पेन्सिल ठेवली. पंचावन्न बेसिनांच्या जागेत हजार नळ यायचे. कंटेनरचा जेमतेम दहावा हिस्सा. आणि भाड्याचा साठ टक्के भार त्या दहाव्या हिश्श्यावर, चार वर्षं. ड्यूटीसुद्धा त्याचमुळे वाढली होती. भाड्यात वाटेकरी उरला नव्हता, सगळं भाडं बेसिनांच्या किमतीत मिळालं आणि त्यावर ड्यूटी बसली. नळ गेले आणि बेसिनं उघडी पडली.

त्यांच्या पायाखालची जमीन सरकली हे म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे ते खुर्चीत होते तसेच बसून राहिले आणि त्यांना लाज वाटली. नुसती लाज, शाळेत सगळ्यांसमोर चड्डी फाटल्यावर वाटते तशी. मग त्यांनी जुना कागद काढला आणि नियम बदलून पुन्हा मांडला. विमा किमतीवर, कारण विमा किमतीवरच घेतात. भाडं आणि बंदराचा खर्च जागेवर. ड्यूटी कस्टमच्या कागदावर ज्या मालाची जेवढी, तेवढी. नळ: सहाशे, अधिक अठ्ठ्याहत्तर, अधिक सहा, अधिक चाळीस. सातशे चोवीस. बेसिन: आठशे, एकशे चार, आठ आणि सातशे वीस. सोळाशे बत्तीस. एकूण बेरीज पंधरा लाख चाळीस हजार. जुळली. मेली आजही जुळली.

नळभाऊ नगामागे एकशे शहात्तर कमावून देत होते. साडेचौदाशेला विकलेलं प्रत्येक बेसिन एकशे ब्याऐंशी खात होतं. नळांनी इतकी वर्षं बेसिनांना पोसलं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. फाशीच्या कागदावर सही दशांशरावांची होती.

हा कागद कपाटात ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. भाडी वाढली, एवढं म्हटलं असतं की झालं. बाईंना जहाजाची बिलं वाचता येत होती, पण वाचायला वेळ नव्हता. हा विचार दशांशरावांच्या मनात आला आणि दुपारच्या चहापर्यंत टिकला. चहा गार झाला. ते उठले, जिना उतरले.

मालकीणबाईंसमोर बांधकामवाल्याचा करार पडला होता. दोन हजार बेसिनं, प्रत्येकी चौदाशे. उद्या सही. दशांशरावांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. चूक माझी, असं तीनदा म्हणाले. मग बाईंनी स्वतः भागाकार केला, करारावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ही सही केली असती, तर एका बेसिनमागे अडीचशेच्या वर गेले असते."

"दोनशे एकसष्ट पूर्णांक..."

"कळलं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पाच लाख वाचवलेत तुम्ही."

"बाई, मी वाचवले नाहीत. मी चार वर्षं..."

"चार वर्षं मीही कागद बघत होतेच की. चूक कुणाची होत नाही? तुम्ही आपण होऊन आलात. दुसरा आला नसता." त्यांनी करार उचलून खणात टाकला. "या महिन्यापासून तुमचा पगार वाढवते."

"आणि नळभाऊ?"

बाईंनी सुस्कारा सोडला. वाईट बाई नव्हती ती. "त्यांना बोलावून करू काय, सांगा. नळ समोरच्याकडे गेले. काउंटर मोडला. त्यांना विकायला देऊ काय? बेसिनं?"

दशांशराव पगारवाढ नको म्हणणार होते. पण घरी छताला ओल होती आणि बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं होतं. ते "बरं" म्हणाले.

रविवारी सकाळी ते नळभाऊंकडे गेले. सात महिन्यांत पहिल्यांदा. दार वहिनींनी उघडलं. त्यांनी "या" म्हटलं, पण हसल्या नाहीत. खोलीत जमिनीवर चादर अंथरली होती. तिच्यावर विजेच्या प्लगांचा ढीग, स्क्रूंची वाटी, पितळी पिना. नळभाऊ भिंतीला पाठ टेकून पिना बसवत होते. शंभर प्लग जोडले की ठरावीक पैसे, असं काम होतं. नवरा-बायको दोघं मिळून करायची. मुलगा गाडी चालवत असे, तो आज घरी होता, मोज्यांच्या घड्या करत कॉटवर बसला होता.

"ये," नळभाऊ म्हणाले. दशांशरावांनी टोमण्याची वाट पाहिली. टोमणा आला नाही.

"समोरच्या दुकानात काम विचारायला गेला होतास म्हणे?" बसता बसता त्यांनी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"गेलो होतो. त्यांनी विचारलं, तुमचा काउंटर तोट्यात होता ना? मी म्हटलं, हो."

"हल्ली बोलतच नाहीत," वहिनी दारातून म्हणाल्या. "पूर्वी बाजारात यांच्याबरोबर जायची लाज वाटायची, इतकी घासाघीस. आता भाजीवालीने भाव सांगितला की देऊन मोकळे. म्हणतात, मला व्यवहार कळत नाही, तूच बघ. परवा मुलाने गाडी बदलायचं विचारलं, तर त्यालाही तेच. ज्याने तीस वर्षं तोट्यात दुकान चालवलं त्याला काय विचारतोस, म्हणाले."

"तोट्यात नव्हतं," दशांशराव म्हणाले.

त्यांनी कागद काढला. चादरीवर प्लग बाजूला सारून पसरला आणि सगळं सांगितलं. पंचावन्न बेसिनं, दहावा हिस्सा, साठ टक्के. तू त्या दिवशी म्हणालास ते बरोबर होतं, जहाजवाला भाडं जागेचंच घेतो. माझा नियम चुकला. तुझा नळ नऊशे चोवीसला कधीच पडत नव्हता. बोलताना त्यांचा आवाज दोनदा फाटला. मुलाच्या हातातला मोजा तसाच राहिला.

नळभाऊंनी चष्मा लावला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हिला सांग. मोठ्याने सांग, तिला ऐकू कमी येतं हल्ली."

दशांशरावांनी वहिनींना सांगितलं.

"आता ह्याला सांग."

त्यांनी मुलाला सांगितलं. "बाबांचा काउंटर नगामागे एकशे शहात्तर मिळवत होता. पेढी त्याच्यावर चालली होती."

"मग बाबांना काढलं कुणी?" मुलाने विचारलं.

"मी."

"काका, हे तुम्हाला तेव्हा बाबांनीच सांगितलं होतं ना? घरी येऊन सांगायचे ते. हत्ती आणि बस. आम्ही हसलो होतो." मुलाचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मग मीच त्यांना म्हटलं, बाबा, दशांशकाका चुकणार नाहीत. तेव्हापासून त्यांनी तो विषय बंद केला."

नळभाऊंनी हात पुढे करून कागद स्वतःकडे ओढला.

"सातशे चोवीस," ते म्हणाले. "आणि मी विकत होतो नऊशेला." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "सातशे चोवीस." त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, काउंटरवर गिऱ्हाईक पटायला आलं की हलायचं तसं. दशांशरावांना वाटलं, आता बोलेल. आता शिव्या घालेल, आणि आपण त्या सगळ्या घेऊ.

"मग तुला काढलं का रे?" नळभाऊंनी विचारलं. खरोखर काळजीने विचारलं. "चार वर्षांची चूक म्हणजे... बाई कडक आहे. काही तरतूद आहे ना घरी?"

खोटं बोलता आलं असतं. हो, काढलं, असं म्हटलं असतं तर दोघे पुन्हा एका पायरीवर आले असते. जन्मभर चार दशांशापर्यंत खरं बोललेल्या माणसाला ते जमलं नाही.

"नाही काढलं," दशांशराव म्हणाले. "चूक सापडली म्हणून पेढीचे पाच लाख वाचले. पगार वाढवला."

नळभाऊंनी चष्मा काढला, कागदाची नीट घडी करून दशांशरावांच्या हातात परत दिली आणि एक प्लग उचलून त्यात पिन बसवायला लागले.

"अगं," वर न बघता ते बायकोला म्हणाले, "चहा टाक. याचा पगार वाढलाय."

वहिनींनी चहा टाकला. दशांशरावांना तो प्यावा लागला.